लॉस अचानक उसळला: बॅच खराब की ऑप्टिमायझर?

प्रश्न: नागपूरला आमच्या कॉलेजात बातम्यांवर मराठी मॉडेल ट्रेन करतोय. परवा वऱ्हाडी मजकूर जोडला आणि लॉस २.४ वरून एकदम ६ वर गेला. बॅच खराब की ऑप्टिमायझर?

उत्तर: उसळीच्या शंभरेक स्टेप आधीचा चेकपॉइंट घ्या आणि संशयित बॅच तिथेच चालवून बघा; ग्रेडियंट नॉर्म तिथेही फुगला तर बॅच खराब, नाहीतर दोष ऑप्टिमायझरच्या त्या क्षणीच्या स्थितीत आहे. बॅच खराब निघाली तर टोकन डीकोड करून मजकूर डोळ्यांनी वाचाच, तुटलेली अक्षरं लगेच दिसतात. गूगलच्या पाम मॉडेलमध्ये (२०२२) उसळी आणणाऱ्या बॅचेस दुसऱ्या चेकपॉइंटवर निमूट चालल्या होत्या.

तुमच्याकडे मला दुसरीच शक्यता जास्त वाटते. वऱ्हाडी टोकन आजवर क्वचितच आले, म्हणून त्यांच्या एम्बेडिंगसाठी अ‍ॅडमने साठवलेली ग्रेडियंटच्या वर्गाची सरासरी शून्याजवळ गेली. आता ग्रेडियंट आला की `beta1=0.9`, `beta2=0.999` असताना पहिलंच पाऊल लर्निंग रेटच्या सुमारे ३.२ पट पडतं, कारण ०.१ भागिले √०.००१. `beta2=0.95` ठेवलं तर तेच ०.४५ पट होतं. आधी हेच बदला, `eps` नंतर.

एक अपवाद: ऑप्टिमायझरची स्थिती `fp16` मध्ये असेल तर `eps=1e-8` चक्क शून्य होतं आणि भागाकारातून `nan` येतो. ती `fp32` मध्ये ठेवा.