फोटोतील गुणयादीवरून प्रमाण विचलन

प्रश्न: वर्गाच्या चाचणीच्या गुणांच्या यादीचा फोटो आहे; त्यावरून प्रमाण विचलन कसे काढावे?

प्रथम फोटोतील गुण एका स्तंभात उतरवून घ्यावेत आणि नंतर यादी खालून वर पुन्हा ताडून पाहावी. समजा, २० पैकी गुण १२, १५, १४, १८, ११, १६, १३, १३ असे आहेत. त्यांची बेरीज ११२ आणि सरासरी १४ येते; प्रत्येक गुणातून १४ वजा करून येणाऱ्या फरकांच्या वर्गांची बेरीज ३६ होते. ३६ ला ८ ने भागून वर्गमूळ घेतले की प्रमाण विचलन सुमारे २.१२ मिळते. संपूर्ण वर्गाचे गुण हाती असल्याने भाजक ८ च हवा, म्हणून स्प्रेडशीटमध्ये `STDEV.P` वापरावे. `STDEV.S` ७ ने भागते आणि २.२७ दाखवते.

खरी चूक मात्र बहुधा वाचनातच होते. अनुपस्थित विद्यार्थ्यापुढील रेघ शून्य म्हणून उतरवली, तर याच यादीचे विचलन ४.८३ होते, म्हणून ती जागा रिकामी सोडावी. याउलट ११ चे १७ वाचले गेले, तर उत्तर १.९८ येते, ते इतके स्वाभाविक दिसते की उत्तराकडे पाहून चूक कळत नाही, केवळ ताडून पाहिल्यावरच सापडते.