नवा व्हेंडर आणि बँक तपशील: तुमचे प्रश्न

प्रश्न: नवीन व्हेंडरला पहिल्या मेलमध्ये काय काय मागायचं?

पॅन, जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र, असल्यास सूक्ष्म-लघु उद्योग नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र, रद्द केलेला चेक आणि सही-शिक्क्याचा बँक तपशिलाचा फॉर्म. सगळं एकाच मेलमध्ये मागा. जीएसटी क्रमांकातली तिसरी ते बारावी अक्षरं म्हणजे पॅनच असतो, तो जुळवून पाहा. नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे जीएसटी पोर्टलवर दिसतं. व्हेंडरने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका.

प्रश्न: चेकवर फर्मचं नाव छापलेलं नाही. चालेल का?

नाही. बँकेचं पत्र किंवा पासबुकचं पहिलं पान मागा.

प्रश्न: आम्हीच व्हेंडर आहोत, कंपनीने उद्यम प्रमाणपत्र मागितलंय. एजंट दोन हजार म्हणतो, देऊ का?

देऊ नका. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी मोफत होते.

प्रश्न: जुन्या व्हेंडरने मेलवर नवीन खातं कळवलंय. लेटरहेड, सही, शिक्का सगळं आहे. साहेब म्हणतात आजच पेमेंट सोडा. बदलू का?

आज नाही. लेटरहेड आणि शिक्का जुन्या बिलावरून उचलता येतात. चोर आधी कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरून पत्रव्यवहार वाचतो आणि बिल पास व्हायच्या सुमारास लिहितो. एका कारखान्यात ४,८०,००० रुपयांच्या बिलावर असाच मेल आला होता: 'ऑडिटमुळे जुनं खातं बंद आहे.' खाली खरी मेलसाखळी जोडलेली होती, फक्त पत्त्यात `m` च्या जागी `rn` होतं. अकाउंट्सच्या मुलीने मेलमधला नंबर न लावता व्हेंडर मास्टरमध्ये आधीपासून नोंदलेल्या जुन्या नंबरवर फोन केला. व्हेंडरच्या मालकांनी खातं बदललेलंच नव्हतं.

तुम्हीही तेच करा. मेलमधल्या नंबरवर फोन केलात तर तो चोरच उचलेल. एक रुपया पाठवून तो जमा झाला, तर खातं चालू आहे एवढंच कळतं. एनईएफटी-आरटीजीएसआधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना २०२५ पासून द्यावी लागते, ती वापरा. फर्मऐवजी अनोळखी माणसाचं नाव दिसलं तर थांबा. प्रोप्रायटरचं नाव असू शकतं, पण ते फोनवर विचारून घ्या. फोन कुणी, कधी, कोणाला केला हे फॉर्मवर लिहा. मग वित्तप्रमुखांची मंजुरी घ्या, आणि मास्टरमध्ये बदल करणारा व पेमेंट सोडणारा माणूस वेगळा ठेवा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळवा. चौकशी करून मग बघू, म्हणत बसू नका.

प्रश्न: माल घेतला, व्हेंडर कोड अजून मंजुरीत अडकलाय. पेमेंट लांबलं तर काय?

व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर तुमची मंजुरी रखडली म्हणून मुदत वाढत नाही. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, करार असला तरी जास्तीत जास्त ४५. पुढे चक्रवाढ व्याज लागतं. निव्वळ व्यापारी असेल तर प्रश्न वेगळा, तेव्हा उद्यम प्रमाणपत्र घेऊन आधी तुमच्या सीएंना भेटा.