धावण्याचे बूट घेताना दुकानात होणाऱ्या ट्रेडमिलवरच्या चाचणीला किती महत्त्व द्यायचं?

चाचणी जरूर करून घ्या, पण तिच्यातून काय दिसतं ते आधी समजून घ्या. दुकानातला कॅमेरा बहुधा मागून टाच टिपतो. पाऊल टेकल्यावर घोटा आत झुकताना दिसला की 'ओव्हरप्रोनेशन' म्हणून आधार देणारे स्टॅबिलिटी बूट पुढे केले जातात. पण हे आत झुकणं म्हणजे शरीराची धक्का पचवण्याची नेहमीची रीत आहे. डेन्मार्कमध्ये 927 नवशिक्या धावकांना साधे न्यूट्रल बूट देऊन वर्षभर पाहिलं, तेव्हा आत झुकणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झाल्याचं आढळलं नाही. शिवाय कॅमेऱ्याला बुटाची टाच दिसते, आतली नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे: कोणीतरी बघतंय म्हणून ताठ, नीटनेटकं धावतात आणि मिनिटभरात उतरतात. पाच-सहा मिनिटं नेहमीच्या संथ वेगाने धावा, मगच चित्रण करायला सांगा.

जमलं तर बाजूनेही चित्रण मागा, मला तेच जास्त कामाचं वाटतं. पाऊल गुडघ्याच्या बरंच पुढे पडत असेल तर पावलं जरा छोटी आणि जलद टाकून बघा. बूट बदलायची गरज नाही.

समजा, स्टॅबिलिटी बूट सुचवले. मग न्यूट्रलही मागा, दोन्ही घालून धावा आणि

- अंगठ्यापुढे बोटभर जागा
- टाच न सुटणं
- कमानीखाली न टोचणं

एवढंच तपासा. पायाला जो सुखाचा वाटेल तो घ्या, पडद्यावरच्या रेषा काहीही म्हणोत. जुनं दुखणं असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टकडे जा, विक्रेत्याकडे नाही.