डिसिजनमधला 'ज' आधी सोड

अगं, तुझी रेकॉर्डिंग ऐकली, टेन्शन, मिशन एकदम बरोबर, पण डिसिजन आणि कन्फ्यूजनमध्ये तू आपला जीवनातला ज लावतेस, इथे इंदूरला आपण सगळेच असं बोलतो, मी पण कितीतरी वर्षं तसंच बोलायचो. या शब्दांतला खरा इंग्रजी आवाज मराठीत नाहीच, म्हणून जीभ जवळचा ज पकडते.

असं कर, आधी लांब श्श्श म्हण, बोटं गळ्यावर ठेव, काही थरथरत नाही ना? आता जीभ तिथेच ठेवून गळ्यातून आवाज काढ, थरथर आली की तोच आवाज. जीभ टाळूला टेकली तर परत ज होतो, मग पुन्हा श पासून सुरू कर.

कुठे लावायचा? स्पेलिंगमध्ये एस-आय-ओ-एनच्या आधी स्वर असेल तर हा गळ्याचा, जसं व्हिजन, डिसिजन. आधी एन, एल किंवा अजून एक एस असेल तर साधा श, म्हणून पेन्शन, डिस्कशन. आधी आर असेल, जसं व्हर्जन, तर ब्रिटिश बहुतेक श म्हणतात, अमेरिकन गळ्याचा.

टी-आय-ओ-एन बहुतेक श, पण क्वेश्चनमध्ये आधी एस आहे म्हणून च. पिक्चरचा च तर तुला येतोच.