एकादशीचा रिमाइंडर: तारीख बरोबर होती, उपास मात्र दुसऱ्याच दिवशी होता

"सासूबाईंच्या एकादशी आणि संकष्टी, शिवाय माझं १६ तास उपाशी राहून ८ तासांत खायचं १६:८, असं दोन्ही सांभाळते. फोनमधलं अ‍ॅप एक दिवस सांगतं, भिंतीवरचं कॅलेंडर दुसरा. मागच्या महिन्यात त्यांच्या उपासाच्या दिवशी मी सकाळी पोहे करून ठेवले. रिमाइंडर नक्की कशावरून लावायचा?"

ताई, तुमचं पोह्यांचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. आमच्याकडे हाच घोळ पोह्यांवर थांबला नाही, आईच्या गोळ्यांपर्यंत गेला. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि पंचांगाचा अभ्यासही नाही. आमच्या घरात जे झालं आणि त्यानंतर जे शोधून काढलं, तेवढंच लिहिते. तिथी, पक्ष वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते.

आई परळला भावाकडे असते. वय ७४, गळ्यात माळ, वर्षाच्या सगळ्या एकादशी करते. मधुमेह आहे आणि सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची गोळी असते. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणते. म्हणून डॉक्टरांनी उपासाच्या दिवसासाठी वेगळं लिहून दिलं होतं. दर रविवारी भाऊ सात खणांची डबी भरतो आणि फोनमधल्या उपासाच्या अ‍ॅपवर जो दिवस दिसेल, त्या खणात उपासाप्रमाणे गोळ्या ठेवतो. दोन वर्षं हे सुरळीत चाललं होतं.

२०२५ ची कार्तिकी एकादशी. अ‍ॅपने शनिवार, १ नोव्हेंबर दाखवला. भावाने शनिवारचा खण उपासाचा भरला. आई शनिवारी नेहमीसारखी जेवली. भावाला वाटलं, या वेळी तब्येतीमुळे सोडला असेल. रविवारी २ तारखेला आईने पहाटे उठून पूजा केली, डबीतली गोळी घेतली आणि नुसत्या चहावर हरिपाठाला बसली. फराळ दुपारी करायचा, ही तिची पद्धत. अकराच्या सुमारास वहिनीने पाहिलं तर आईच्या पदराची कड घामाने भिजलेली आणि हातातली टाळ थरथरतेय. साखर मोजली, ६१ आली. ७० च्या खाली गेली की ती कमीच. वहिनीने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. आई "उपास मोडेल" म्हणून ग्लास बाजूला सारत होती. साखर उपासाला चालते हे वहिनीला सुचलं म्हणून बरं. ते सांगितल्यावर आई प्यायली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तेव्हा ८८ झाली होती.

त्या संध्याकाळी मी अ‍ॅपवाल्यांच्या मदत विभागाला लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर आलं की आमची गणना अचूक आहे, कृपया लोकेशन तपासा. लोकेशन मुंबईच होतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा फोनवर कोणीतरी सापडलं, त्यांनी अ‍ॅप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. एका वृद्ध बाईची साखर उतरली आहे असं सांगूनही समोरच्या माणसाने एकदाही विचारलं नाही की तुमच्या घरी एकादशी कोणती धरतात. हा एकच प्रश्न विचारला असता तर पुढचे तीन आठवडे माझे गेले नसते. मला आजही त्याचा राग येतो.

कारण गणना खरंच बरोबर होती. एकादशी लागली शनिवारी सकाळी ९.११ ला आणि संपली रविवारी सकाळी ७.३१ ला. शनिवारी सूर्योदयाला दशमी होती, रविवारी सूर्योदयाला एकादशी. मग रविवारच धरायला हवा ना? पण पुढे बघा. द्वादशी रविवारी ७.३१ ला लागली आणि सोमवारी पहाटे ५.०७ ला, सूर्य उगवायच्या आत, संपली. म्हणजे द्वादशीला सूर्योदय मिळालाच नाही, तिचा क्षय झाला. स्मार्त पद्धतीत पारणं द्वादशीत व्हायला हवं म्हणून त्यांचा उपास शनिवारी आणि पारणं रविवारी. वैष्णवांना आणि वारकऱ्यांना मात्र पहाटे दशमी असलेला दिवस चालत नाही, म्हणून त्यांची एकादशी रविवारी. पंढरपूरची कार्तिकी यात्राही २ नोव्हेंबरलाच झाली. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात हे दोन्ही छापलेलं असतं: एका चौकोनात "स्मार्त एकादशी", पुढच्या चौकोनात "भागवत एकादशी", म्हणजे वैष्णव-वारकऱ्यांची. अ‍ॅपमध्ये पहिली तेवढी ठळक होती आणि दुसरी तीन पडद्यांच्या आत दडलेली. बहुतेक महिन्यांत दोन्ही एकाच दिवशी येतात, म्हणूनच आमची चूक दोन वर्षं लक्षात आली नाही. तुमच्याकडे अ‍ॅप आणि कॅलेंडर यांचं जुळत नाही त्यामागेही हेच असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते, पण ते ताडून बघा.

"दर १५ दिवसांनी" असा रिमाइंडर लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याच सुमाराच्या भागवत एकादशी मोजा: १७ ऑक्टोबर, २ नोव्हेंबर, १५ नोव्हेंबर. आधी १६ दिवसांचं अंतर, मग १३ दिवसांचं. वर्षाने तीच तारीख लावणं तर त्याहून वाईट. आषाढी २०२५ मध्ये ६ जुलैला होती आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. अधिक महिन्याच्या दोन एकादशी जास्तीच्या येतात, त्याही धरायच्या का हे घरी विचारून घ्या.

संकष्टीचं गणित पूर्ण वेगळं आहे. तिथे सूर्योदय बघायचा नसतो, चंद्रोदयाला चतुर्थी असावी लागते. त्यामुळे कधी कधी संकष्टीच्या दिवशी सकाळी कॅलेंडरात तिथी तृतीया दिसते आणि लोक गोंधळतात. म्हणून "आज चतुर्थी" एवढंच सांगणारा तिथीचा रिमाइंडर संकष्टीला निरुपयोगी. आणि चंद्रोदय गावागणिक बदलतो. नागपूरला चंद्र मुंबईच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. माझी नणंद तिथे असते. तिचा "चंद्र दिसला" असा मेसेज आला की इकडे सासूबाई ताट वाढायला सांगायच्या, तेव्हा मुंबईत चंद्र उगवलेलाही नसायचा. चतुर्थी ऐन चंद्रोदयाच्या सुमारास लागत असेल तर एवढ्या फरकाने क्वचित दिवससुद्धा बदलू शकतो. मुंबईची वेळच घ्या. बऱ्याच कॅलेंडरांत ती चौकोनातच दिलेली असते, बाकी गावांचा तक्ता मागच्या पानावर. इमारतींमुळे चंद्र प्रत्यक्ष दिसायला आणखी अर्धा तास जातो आणि पावसाळ्यात तो दिसतच नाही. आम्ही छापील वेळ धरतो.

मी आता काय करते ते सांगते. नवीन कॅलेंडर घरी आलं की एका दुपारी आईजवळ बसते. ती बोट ठेवते, मी फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरात टाकते. २४ एकादशी, साधारण १२ संकष्टी. तासाभराचं काम आहे. स्वतंत्र अ‍ॅप वापरत नाही, कारण बॅटरी वाचवायच्या सेटिंगने फोन त्यांच्या सूचना परस्पर दाबून टाकतो. प्रत्येक नोंद "पूर्ण दिवस" अशी करते आणि सूचना आदल्या संध्याकाळी ७ ची लावते. सकाळची सूचना कशाचीच नाही. साबुदाणा रात्री भिजायला हवा, डबीचा खण रात्रीच बदलायला हवा, आणि तुमच्यासारखीला पोहे करायचे की नाही हेही रात्रीच कळायला हवं. पूर्ण दिवसाची नोंद का, तर हे कॅलेंडर दुबईच्या बहिणीलाही दिलंय. आधी मी रात्री १२ ची वेळ घातली होती. तिथलं घड्याळ दीड तास मागे, त्यामुळे तिला उपास आदल्या दिवशी रात्री १०.३० ला दिसायचा. नोंदीच्या नावात "आई, भागवत" असं लिहिते, नुसतं "एकादशी" नाही.

गोळ्यांच्या बाबतीत एकच विनंती. उपासाला कुठली कमी करायची, कुठली बंद ठेवायची हे माझ्या किंवा कोणाच्याही अनुभवावरून ठरवू नका. सासूबाईंना मधुमेह असेल तर डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद डबीलाच चिकटवा.

तुमच्या १६:८ बद्दल. मी स्वतः दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यातच खाते. संकष्टीला ते मोडणारच, कारण मुंबईत त्या दिवशीचा चंद्रोदय साधारण साडेआठ ते दहाच्या आसपास असतो. चंद्रोदय ९.१० ला असेल आणि जेवण पावणेदहाला संपलं, तर दुसऱ्या दिवशीचा पहिला घास मी पावणेदोनला घेते, म्हणजे १६ तास भरतात. द्वादशीला उलट होतं. पारणं सकाळीच करायचं असतं, त्यामुळे आदल्या रात्री आठला फराळ झाला असेल तर जेमतेम १२ तास मिळतात. त्या दिवशी मी तेवढ्यावरच सोडते. १६:८ च्या अ‍ॅपमधली सलग दिवसांची साखळी तुटू नये म्हणून पारणं दुपारवर ढकलणं मला पटत नाही. हे माझं मत, तुमचं वेगळं असू शकतं.

नोंदी टाकायला बसण्याआधी सासूबाईंना एवढंच विचारा की २०२५ च्या कार्तिकीचा उपास त्यांनी शनिवारी केला होता की रविवारी. रविवार म्हणाल्या तर कॅलेंडरातला "भागवत" लिहिलेला चौकोन धरायचा. आठवत नसेल तर त्या कुठल्या परंपरेतल्या, हे माहेरच्या कोणाकडून तरी काढून घ्या.