९५ ब्रास की १२४? पांदण रस्त्याच्या मुरुमाचा हिशेब

> "आमच्या शेताकडची पांदण मंजूर झाली. लांबी ६०० मीटर, रुंदी ३ मीटर, मुरूम दबाईनंतर १५ सेंमी. ऑफिसात ९५ ब्रास सांगितलं. मुरूमवाला म्हणतो माझी तीन ब्रासची गाडी आहे, ३२ ट्रिपमध्ये काम होते. गावातले जुने लोक म्हणतात पुरणार नाही. खरं कोणाचं?"

भाऊ, खरं जुन्या लोकांचं. ३२ ट्रिपमध्ये तुमचा रस्ता १५ नाही, साधारण ८ सेंमीचा होईल. वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्या पांदणीचं हेच झालं होतं. आधी हे सांगतो की मी इंजिनिअर नाही. रस्त्याच्या कामांवर सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढली, तेवढ्यावरून बोलतोय. शेवटचा शब्द तुमच्या शाखा अभियंत्याचा.

ऑफिसचे ९५ कुठून आले ते बघा. ६०० गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे २७० घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. २७० ला २.८३ ने भागलं की ९५. गणितात चूक नाही, पण हे २७० घनमीटर रोलर फिरून झालेल्या, दबलेल्या मुरुमाचे आहेत आणि गाडीत येतो तो सुटा मुरूम. सुट्या मुरुमात पोकळी असते, पाणी मारून रोलर फिरवला की ती निघून जाते. म्हणजे २७० घनमीटर दबलेला हवा तर गाडीने त्यापेक्षा बराच जास्त आणावा लागतो.

किती जास्त, ते मुरुमावर आहे. कडक, खडेवाला मुरूम वेगळा बसतो, मातकट वेगळा. ढोबळमानाने १ घनमीटर दबलेल्याला १.२ ते १.४ घनमीटर सुटा लागतो. पण ढोबळ आकड्यावर शेकडो ब्रास मागवू नका, आपल्याच खदानीच्या मुरुमाचा आकडा काढा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पहिले वीसेक मीटर पूर्ण करा, पाणी आणि रोलर सगळं नीट मारून. मग तिथे पूर्ण थराइतका खोल, वीतभर रुंद खड्डा सब्बलने खणा आणि निघालेला मुरूम कणभरही न सांडता गोळा करून वजन करा. खड्डा किती मोठा झाला ते त्यात कोरडी, बारीक, चाळलेली रेती हळू ओतून लिटरच्या मापाने मोजा. समजा रेती ६ लिटर बसली आणि मुरूम भरला १२.६ किलो. त्यातला थोडा मुरूम तव्यावर पूर्ण सुकवून बघा. कोरड्याच्या ९ टक्के पाणी निघालं, तर कोरडा मुरूम ११.५६ किलो, म्हणजे लिटरला १.९३ किलो.

आता गाडीतला. तेलाचा रिकामा डबा घ्या, आधी पाण्याने भरून तो किती लिटरचा आहे ते मोजा. समजा १५. गाडीतून फावड्याने सुटा मुरूम त्यात टाका, ठोकू नका, दाबू नका, वरून सपाट करा. वजन आलं २३.१ किलो, पाणी ४ टक्के, तर कोरडा २२.२ किलो, म्हणजे लिटरला १.४८. आता १.९३ भागिले १.४८ म्हणजे १.३०. हाच तुमचा गुणक. पाण्याचं वजन काढायला विसरू नका. रस्त्यावर टँकर फिरलेला असतो, गाडीतला मुरूम कोरडा असतो, आणि तसंच वजन धरलं तर गुणक उगाच वाढतो. हे एका ठिकाणी करून थांबू नका, दोन-तीन जागी करून सरासरी घ्या.

२७० गुणिले १.३० म्हणजे ३५१ घनमीटर, म्हणजे १२४ ब्रास. ९५ आणि १२४ यातला फरक २९ ब्रासचा.

इथे अजून एक गफलत हमखास होते. कोणी सांगतं "मुरूम २३ टक्के बसतो" आणि लोक २७० मध्ये २३ टक्के मिळवतात. तसं नाही. सुटा मुरूम २३ टक्के बसला तर १०० चे ७७ राहतात, म्हणून २७० ला ०.७७ ने भागायचं. मिळवलं तर ३३२ घनमीटर येतात, भागलं तर ३५१. या घोळात सात ब्रास कमी पडतात.

आता गाडी. "तीन ब्रासची गाडी" हे बोलायचं माप आहे. टेप घेऊन बॉडीच्या आतून मोजा. सहा चाकी टिप्परची लांबी आतून १२ फूट, रुंदी ७ फूट आणि मुरूम सपाट केल्यावर उंची अडीच फूट आली, तर २१० घनफूट, म्हणजे २.१ ब्रास. वर ढीग दिसतो म्हणून तीन धरायचं कारण नाही. चारही कोपरे बहुधा रिकामे असतात आणि खदानीपासून येईपर्यंत खाचखळग्यांत मुरूम बसतो. मोजायचं ते आपल्या रस्त्यावर आल्यावर, ढीग सपाट करून. शंका असेल तर काट्यावर न्या. तीन ब्रास सुटा मुरूम थोड्या ओलीसकट साधारण १३ टन भरतो. त्यात रिकाम्या गाडीचं वजन धरा. दोन एक्सलच्या गाडीला गाडीसकट एकूण १८.५ टनांची परवानगी आहे, हे तिच्यात कुठून बसणार?

तुमच्या ३२ ट्रिप २.१ ने धरल्या तर ६७ ब्रास येतात. त्याचे दबून १४६ घनमीटर, आणि ते १८०० चौरस मीटरवर पसरले की ८ सेंमी. गाडी खरोखर तीन ब्रासची असती तरी साडेअकरा सेंमीच झाला असता. म्हणजे दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींवर चढल्या आहेत, एक ऑफिसची आणि एक गाडीवाल्याची. तुम्हाला लागतील साधारण ५९ ट्रिप.

आता आमचं काय झालं ते सांगतो, कारण पैसा आणि हंगाम दोन्ही तिथेच गेले. आमच्या एस्टिमेटमध्ये मुरूम दबलेल्या घनमीटरमध्ये होता, तसाच असतो. ज्या कार्यालयाने वाहतुकीचे पास दिले, नाव घेत नाही, त्यांनी तो आकडा सरळ २.८३ ने भागला आणि तेवढ्याच ब्रासचे पास दिले. मुरूम एक चतुर्थांश रस्ता बाकी असतानाच संपला. वाढीव पास मागायला गेलो तर "एस्टिमेटात जेवढं आहे तेवढंच". एस्टिमेट ज्यांनी केलं त्यांच्याकडे गेलो तर "आमचं माप दबलेलंच असतं, सुट्याशी आमचा संबंध नाही". दोघांचे कागद आपापल्या जागी बरोबर, आणि आम्ही दोन टेबलांच्या मधे. कोणी एका कागदावर "दबलेला इतका, म्हणून सुटा इतका" एवढी एक ओळ लिहून द्यायला तयार नाही! तेवढ्यात मृग लागला. ठेकेदाराने उरलेला मुरूम ओढूनताणून शेवटपर्यंत नेला. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी शेवटच्या टप्प्यात सब्बल मारली, तर चार बोटं मुरूम आणि खाली काळी माती, सब्बलला चिकटून वर येणारी. त्या हंगामात खताच्या बैलगाड्या तिथूनच फिरवून धुऱ्यावरून न्याव्या लागल्या. आजही त्या टेबलांचा राग जात नाही.

पुढच्या कामाच्या वेळी एका जुन्या अभियंत्याने रस्ते मंत्रालयाचं स्टँडर्ड डेटा बुक उघडून दाखवलं. त्यात ग्रॅन्युलर सब-बेस, म्हणजे रस्त्याच्या खालच्या खडी-मुरुमाच्या थराच्या ३०० घनमीटर दबलेल्या कामाला ३८४ घनमीटर सुटं साहित्य धरलेलं आहे, म्हणजे १.२८. ते मुरुमाच्या जातीसाठी जसंच्या तसं लागू होतं असं मी म्हणत नाही, पण सुटं आणि दबलेलं वेगळं असतं हे सरकारी पुस्तकातच लिहिलेलं आहे, हे दाखवायला पुरतं. तुम्ही काम सुरू होण्याआधीच हे पान आणि तुमच्या खड्ड्याचा आकडा जोडून लेखी अर्ज द्या, पास सुट्या ब्रासचे मागा आणि पोच घ्या. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका.

पसरताना तपासायची सोपी युक्ती सांगतो. १५ सेंमी दबलेला हवा तर सुटा थर १५ गुणिले १.३०, म्हणजे साडेएकोणीस सेंमी. ३ मीटर रुंदीवर २.१ ब्रासची एक ट्रिप १० मीटर लांबी खाते. आधीच चुन्याने १०-१० मीटरवर रेघा मारा. दोन रेघांमध्ये एक ट्रिप रिकामी झाली पाहिजे. ड्रायव्हर १४ मीटरवर पुढचा ढीग टाकायला लागला, की हिशेब न करताही मुरूम कमी पडतोय हे कळतं.

मात्र साधा आठ-दहा टनी रोलर असेल तर १५ सेंमी एकाच थरात करू नका. त्याचा दाब १० सेंमीच्या खाली नीट पोचत नाही, वरून कडक आणि खाली भुसभुशीत राहतं. साडेसात-साडेसातचे दोन थर करा, मग प्रत्येक थराला एक ट्रिप २० मीटरला. व्हायब्रेटरी रोलर असेल तर १५ एका थरात चालतो.

काठाचं वेगळं धरा. मुरूम ३ मीटरवर उभा कापल्यासारखा राहत नाही, बाजूला उतरतो. दोन्ही बाजूंना दीडास एक उतार धरला तर सरासरी रुंदी साडेबावीस सेंमीने वाढते, म्हणजे अजून साडेसात टक्के. ५९ ट्रिप काठाशिवायच्या आहेत. एस्टिमेटात साइडपट्टी वेगळी असेल तर हे वाढवू नका, नसेल तर आत्ताच विचारा.

आणि काळ्या मातीत मुरूम रुततो म्हणून गुणकच वाढवून १.५ धरा असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. गुणक फक्त सुट्यापासून दबलेल्यापर्यंतचा आहे. रुतणं थांबवायचं तर मुरूम टाकण्याआधी खालची माती कोरडी असताना लेव्हल करून रोलरने दाबा आणि बाजूच्या नाल्या आधी काढा. ओल्या काळ्या मातीवर कितीही ट्रिप टाकल्या तरी त्या खालीच जातात.

मुरूम टनावर घेत असाल तर पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस घेऊ नका, नाहीतर पाण्याचे पैसे द्याल. गाडीची आतली मापं आणि डब्याचं वजन इथे टाका, तुमच्या मुरुमाचा आकडा मी काढून देतो.