‘इलेक्टेड’च्या पुढचा चेअरमन

प्रश्न: क्रियापदाला ‘काय’ विचारून मी ऑब्जेक्ट काढतो, पण उत्तरपत्रिकेत कधी कधी तेच कॉम्प्लिमेंट निघतं. दोन्ही ओळखायची खात्रीची पद्धत काय? अ‍ॅडव्हर्बियलचंही सांगा.

‘काय’ विचारायची युक्ती मलाही शिकवली होती आणि तिच्यापायी नववीत भर क्लासमध्ये माझं हसं झालं होतं.

आमचं गाव तासगावकडचं. त्या वर्षी वडील गावच्या पाणी संस्थेचे चेअरमन झाले होते. मी एसटीनं सांगलीला विश्रामबागेत ट्यूशनला यायचो. सरांनी घरातलं एखादं वाक्य सांगा म्हटल्यावर मी ऐटीत उभा राहिलो: ‘दे इलेक्टेड माय फादर चेअरमन लास्ट संडे.’ सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि मलाच फोड करायला लावली. मी ‘चेअरमन’खाली कॉम्प्लिमेंट लिहिलं. सर म्हणाले, “इलेक्टेड कुणाला? फादरला. इलेक्टेड काय? चेअरमन. म्हणजे दोन ऑब्जेक्ट. बस खाली.” पोरं हसली. मला कारण सांगता आलं नाही, पण वडील आणि चेअरमन ही दोन वेगळी माणसं नाहीत एवढं मला घरी दिसत होतं.

कारण सापडलं ते बी.ए.ला. ते वाक्य पॅसिव्ह करून बघा. ‘माय फादर वॉज इलेक्टेड चेअरमन’ चालतं. ‘चेअरमन वॉज इलेक्टेड माय फादर’ अजिबात चालत नाही. आता शेजारी ‘दे गेव्ह माय फादर अ वॉच’ ठेवा. ‘माय फादर वॉज गिव्हन अ वॉच’ होतं, ‘अ वॉच वॉज गिव्हन टू माय फादर’ही होतं. तिथं खरंच दोन ऑब्जेक्ट आहेत, दोन्हींना कर्त्याच्या जागी बसता येतं. चेअरमनला ती खुर्ची मिळत नाही. दुसरी खूण अशी की मध्ये ‘इज’ घालून वाचायचं: ‘माय फादर इज चेअरमन’ बरोबर, ‘माय फादर इज अ वॉच’ म्हणजे थट्टा.

आपली पोरं इथंच का अडकतात, तर मराठीत ‘वडलांना घड्याळ दिलं’ आणि ‘वडलांना चेअरमन केलं’, दोन्हीकडे ‘ना’च लागतो. कानाला फरक कळत नाही. तेव्हा मराठीतच ‘म्हणून’ घालून बघा. ‘वडलांना चेअरमन म्हणून निवडलं’ यात अर्थ हलत नाही. ‘वडलांना घड्याळ म्हणून दिलं’ म्हटलं की काहीतरी भलतंच होतं. ही युक्ती माझी स्वतःची. पेपरात लिहू नका, मनात वापरा.

‘माय फादर बिकेम चेअरमन’मध्येही ‘काय झाले’ला उत्तर मिळतंच, तरी ते ऑब्जेक्ट नाही. त्या जागी ‘हॅपी’, ‘अँग्री’ असं नुसतं विशेषण बसलं की ती जागा कॉम्प्लिमेंटची. ‘मेट’च्या पुढं ‘हॅपी’ बसवून दाखवा बरं.

राहिलं ‘लास्ट संडे’. प्रेपोझिशन नाही म्हणून पोरं त्यालाही ऑब्जेक्ट ठरवतात. ते उचलून पुढं ठेवा: ‘लास्ट संडे दे इलेक्टेड माय फादर चेअरमन.’ वाक्य तसंच राहतं. गाळलं तरी मोडत नाही. हे अ‍ॅडव्हर्बियल. मात्र ‘ही पुट द रजिस्टर ऑन द शेल्फ’मधलं ‘ऑन द शेल्फ’ अ‍ॅडव्हर्बियल असूनही गाळता येत नाही. क्वर्क आणि सहकाऱ्यांनी १९८५च्या व्याकरणात वाक्याचे सात साचे मानले, त्यातल्या दोन साच्यांत असं न गाळता येणारं अ‍ॅडव्हर्बियल आहे. आपल्याकडच्या जुन्या गाइडांत पाचच साचे असतात, म्हणून तुमच्या परीक्षेत कुठली पद्धत धरतात ते आधी बघून घ्या.

आणि हो, पॅसिव्हची कसोटीही सगळीकडे लावू नका. ‘माय ब्रदर रिझेम्बल्स माय फादर’ पॅसिव्ह होत नाही, तरी ‘माय फादर’ तिथं ऑब्जेक्टच. ‘ही कट हिमसेल्फ’मध्ये दोन्हीकडे माणूस एकच, तरीही ऑब्जेक्ट. एका कसोटीवर निकाल देऊ नका, दोन लावा.

तुमचे सर ऐकत नसतील, तर वाद घालू नका, नुसतं ते वाक्य पॅसिव्ह करून द्या म्हणा. मी मागं मिरजेत एका लग्नात आमच्या सरांना तेच म्हणालो. पंगतीत बसल्या बसल्या त्यांनी केळीच्या पानावर बोटानं दोनदा जुळवून बघितलं आणि म्हणाले, “तुझ्या वडलांचं काय चाललंय हल्ली?”